पूर्ण दिसणारी ओळ

गिरणीतल्या रात्रपाळीने मराठी कथाकवितेला बरेच काही दिले. संगणकापुढच्या रात्रपाळीकडून मात्र आपल्या कथेने अजून फारसे काही घेतलेले नाही. घेतले तेव्हा बहुधा एकटेपणा, कॉफी, परदेशातल्या गिऱ्हाइकाचा फोन आणि पहाटेचा रिकामा रस्ता एवढेच घेतले. त्या माणसाच्या हातात रात्रभर नेमके काय काम असते, हे कथेबाहेरच राहते. म्हणून या कथेविषयी लिहावेसे वाटले. ती मला हस्तलिखितात वाचायला मिळाली. लिहिणारा स्वतः हे काम करतो आणि त्याला आपले नाव इथे नको आहे. शीर्षकही अजून ठरलेले नाही. मी स्वतः काही वर्षे रात्रपाळीत संगणक सांभाळले आहेत, तेव्हा कथेतले तांत्रिक धागे तपासून पाहण्याचा मोह आवरला नाही. समीक्षेचा बराच भाग त्या तपासणीतूनच आला आहे.

कथेचा नायक नांदेडचा. नोकरी हैदराबादेत, माधापूरला. कथेत त्याला नाव नाही. एका रुग्णालयाच्या शाखाशाखांतून दिवसभरात झालेल्या रुग्णनोंदी रात्री गोळा करायच्या, एका ठरीव साच्यात बसवायच्या आणि पहाटेपूर्वी रुग्णालयाच्या नव्या प्रणालीकडे पाठवायच्या, हे त्याचे काम. प्रत्यक्षात काम दोन प्रोग्राम करतात. पहिला नोंदी गोळा करतो, दुसरा त्या निर्यात करतो, आणि हा त्यांच्यावर लक्ष ठेवतो. पाठवलेल्या नोंदींची संख्या गोळा केलेल्या नोंदींच्या संख्येशी जुळली की पडद्यावर हिरवी खूण येते. कथेच्या पहिल्या दोन पानांत ती खूण चार वेळा येते आणि प्रत्येक वेळी खरीच असते. संख्या खरोखरच जुळलेली असते.

बिघाड कळतो तो एका शाखेतून आलेल्या फोनमुळे. तिथली परिचारिका विचारते, औषधांची ॲलर्जी दाखवणारा चौकोन हल्ली रिकामा का दिसतो? रिकामा म्हणजे ॲलर्जी नाही असे धरायचे का? नायक आजची निर्यात झालेली फाइल उघडतो. ओळीमागून ओळ व्यवस्थित आहे. रुग्णक्रमांक, नाव, गाव. आणि गावानंतर काही नाही. एकाही ओळीत नाही.

इथून कथा जे करते ते मला महत्त्वाचे वाटते. शोधकथेत वाचकाला सहसा संशयित दिले जातात. इथे संशयित नाहीत, फक्त जागा आहेत: शाखेचा संगणक, गोळा करणारा प्रोग्राम, मधली फाइल, निर्यात करणारा प्रोग्राम, पलीकडची प्रणाली. नोंद यांपैकी कुठे तुटली? नायक आधी चुकीच्या जागी दोन तास घालवतो. निर्यात झालेल्या फाइलीचा तो बाइटन् बाइट तपासतो आणि त्याला काहीच सापडत नाही, कारण तिथे सापडण्यासारखे काही उरलेलेच नाही. कापणारी वस्तू त्या फाइलीत नाही, ती एक पायरी अलीकडे आहे. कथाकाराने हे दोन तास गाळले नाहीत, हे त्याचे धैर्य. त्यांत काहीही घडत नाही, आणि तरी वाचक पान उलटतो, कारण दुसऱ्या बाजूला रिकामे चौकोन पाहत सकाळची पाळी सुरू होणार आहे.

मग तो मधली फाइल पाहतो. टर्मिनलवर `cat` ने पाहिली तर ती ठणठणीत दिसते. गावाच्या पुढे औषधाचे नाव आहे, सगळे आहे. म्हणजे दोष निर्यात करणाऱ्या प्रोग्रामचा, असा तो निष्कर्ष काढतो, आणि तो पुन्हा चुकीचा ठरतो. तो प्रोग्राम जुना आहे, त्याला कित्येक महिन्यांत कोणी हात लावलेला नाही. अखेर तो मधल्या फाइलीतली एक ओळ `xxd` ने सोळाच्या अंकपद्धतीत उघडतो. हस्तलिखितात तो भाग असा दिला आहे:

```
4e 41 4e 44 45 44 20 20 ... 20 00 53 55 4c 46 41
```

ज्यांना हे वाचता येत नाही त्यांच्यासाठी थोडे थांबतो. पहिले सहा आकडे म्हणजे इंग्रजी मोठ्या लिपीत `NANDED`. `20` म्हणजे मोकळी जागा. गावाचे घर वीस बाइटांचे आहे, म्हणून उरलेले घर मोकळ्या जागांनी भरले आहे. शेवटचे पाच म्हणजे `SULFA`, सल्फा जातीचे औषध. आणि मधे ते `00`. या जागी `59`, म्हणजे `Y` हे अक्षर असायला हवे होते. ॲलर्जी आहे, याची खूण. हा शून्य पडद्यावर उमटत नाही. टर्मिनल तो मुकाट्याने गिळते, म्हणून `cat` मधे ओळ धडधाकट दिसली. एक अक्षर कमी आहे हे दमलेल्या डोळ्यांना कसे कळावे?

या शून्य बाइटला तांत्रिक भाषेत नल म्हणतात. कथाकाराने इथे एक अचूक भेद केला आहे. आकडा म्हणून आपण टंकतो तो शून्य संगणकाच्या पोटात ४८ या किमतीचा असतो. नल वेगळा. त्याचे आठही बिट शून्य असतात. पण तो अभाव नाही, फाइलीत त्याने इतर कुठल्याही अक्षराइतकीच जागा अडवलेली असते. १९६३ सालच्या ॲस्की संकेतावलीत त्याला पहिले स्थान आहे. कागदी फितीच्या काळात नल म्हणजे भोक न पाडलेली कोरी फीत. फिरत जाणारी, पण काही न सांगणारी.

त्याला कापण्याची ताकद कशी आली, हा इतिहास कथेत दोन ओळींत उरकला आहे. तो थोडा अधिक चालला असता. बीसीपीएल या भाषेत अक्षरमालेच्या सुरुवातीलाच तिची लांबी लिहून ठेवत. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सनने तिच्यावरून बी ही भाषा बेतली, तेव्हा लांबी लिहिणे सोडून शेवटी एक खुणेचे अक्षर ठेवायची पद्धत घेतली. डेनिस रिचीच्या सी भाषेत ती खूण नल झाली. कारणे साधी होती. लांबी एका छोट्या घरात लिहायची तर अक्षरमालाही तेवढीच आखूड ठेवावी लागते, आणि लांबी सांभाळत बसण्यापेक्षा शेवटाची खूण ठेवणे त्यांना सोयीचे वाटले. तेव्हापासून सी भाषेतला प्रोग्राम अक्षरमाला वाचताना नल दिसेपर्यंत चालतो आणि नल दिसला की थांबतो. त्यापुढे काही आहे का, हे तो विचारत नाही. कथेतला निर्यात करणारा प्रोग्राम हेच करत होता. ओळ वाचायची, `%s` ने छापायची, शेवटी स्वतःची नवी ओळ जोडायची. नल मधेच आला की ओळ तिथे संपते, पण नवी ओळ जोडली जातेच. म्हणून ओळींची संख्या बिनचूक जुळते आणि खूण हिरवी येते. ९७ बाइटांच्या जागी ५६ बाइट गेले, हे मोजणारे कोणी नव्हते. `wc -l` सारखेच आकडे देतो, `wc -c` देत नाही. कथेत या दुसऱ्या आकड्याची एक चांगली थट्टा आहे: डिस्कवरची जागा वाचली म्हणून दोनच दिवसांपूर्वी व्यवस्थापकाची अभिनंदनाची मेल आलेली असते.

आता नल आला कुठून? या प्रश्नाचे उत्तर हा कथेतला सर्वांत श्रीमंत भाग आहे. मूळ कोडच्या दोन ओळी कथाकाराने जशाच्या तशा दिल्या आहेत, आणि त्या न दिल्या असत्या तर कथा पोकळ झाली असती:

```
snprintf(rec + 36, 21, "%-20s", village);
snprintf(rec + 56, 42, "%c%-40s", flag, remark);
```

पहिली ओळ गावाचे नाव ३६ व्या जागेपासून वीस बाइटांत लिहिते. पण `snprintf` ला शेवटी नल ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून तिला एकवीस बाइट दिले आहेत. वीस बाइट गावाचे आणि एकविसावा नल. तो एकविसावा बाइट पडतो ५६ व्या जागेवर, म्हणजे शेजाऱ्याच्या घराच्या पहिल्या खोलीत. याने काही बिघडत नव्हते, कारण लगेच दुसरी ओळ चालायची आणि ५६ पासून ॲलर्जीची खूण व तपशील लिहायची. उंबऱ्यावर पडलेला नल पुसला जायचा. वर्षानुवर्षे हे असेच चालले. प्रत्येक नोंदीत क्षणभर नल पडे आणि लगेच झाकला जाई.

अकरा रात्रींपूर्वी कोणीतरी या दोन ओळींची अदलाबदल केली. हेतू चांगला होता. ॲलर्जीची माहिती सर्वांत महत्त्वाची, ती आधी तपासावी, खूण चुकीची असेल तर नोंद तिथेच नाकारावी, अशी सूचना रुग्णालयाकडून आली होती. म्हणून ती ओळ वर गेली. आता ॲलर्जी आधी लिहिली जाते आणि गाव नंतर, आणि गावाच्या शेपटीचा नल नेमका `Y` किंवा `N` या अक्षराच्या जागी बसतो. पुसायला मागाहून कोणी येत नाही. गोळा करणारा प्रोग्राम ओळ `fwrite` ने ठरलेले ९७ बाइट मोजून लिहितो, त्यामुळे मधल्या फाइलीत नल जसाच्या तसा उतरतो. कापाकापी पुढच्या प्रोग्रामच्या हाती होते.

जो तपशील महत्त्वाचा म्हणून आधी आणला गेला, तोच त्यामुळे नाहीसा झाला. कथाकाराने यावर एक शब्दही भाष्य केलेले नाही. बदल कोणी केला हे नायक पाहतो, नाव वाचकाला सांगत नाही, आणि खिडकी बंद करतो. मला हा कथेतला सर्वोत्तम परिच्छेद वाटला. संबंधित सहकाऱ्याने जे केले त्यात डोळ्यांना दिसणारी चूक नाही. कोणी परीक्षण केले असते तरी दोन स्वतंत्र ओळींची अदलाबदल पाहून होकारच दिला असता. दोष त्या जुन्या एकविसात होता, आणि एकवीस तर कोणी बदलले नव्हते.

प्रीमो लेव्हीच्या १९७५ सालच्या ‘द पिरिऑडिक टेबल’ या पुस्तकातले क्रोमियमवरचे प्रकरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. रसायनशास्त्रज्ञ लेव्ही युद्धानंतर रंगाच्या कारखान्यात लागतो. रंगाचे घट्ट गोळे का झाले, ते शोधताना जुनी कार्डे चाळतो. तपासणीच्या कृतीत एका द्रवाचे ‘दोन किंवा तीन’ थेंब असे होते, मधला शब्द अर्धवट पुसला गेला आणि पुढच्यांनी तो आकडा ‘तेवीस’ वाचला. दोन्हीकडे नोंदीतल्या एका अक्षराची गोष्ट आहे. फरक असा, की लेव्हीच्या कार्डावर पुसटलेला शब्द पाहणाऱ्याला दिसू शकत होता. या कथेत पुसले गेल्याची खूणही दिसत नाही. लेव्हीकडून आमच्या कथाकाराने शिकण्यासारखे आणखी एक आहे, ते पुढे येईल.

ज्या प्रसंगामुळे ही कथा माझ्या लेखी निव्वळ माहितीच्या वर गेली, तो पहाटे तीनच्या सुमाराचा आहे. नल किती नोंदींत आहे हे मोजायला नायक लिहितो:

```
grep -ca $'\0' records.txt
```

उत्तर येते: सगळ्या. प्रत्येक नोंद बाधित. तो तसे लिहून ठेवतो, वरिष्ठ मॅडमना फोन लावायला घेतो. मग कुणास ठाऊक का, तीच आज्ञा बारा रात्रींपूर्वीच्या, म्हणजे अदलाबदलीच्या आधीच्या निरोगी फाइलीवर चालवतो. उत्तर: सगळ्या.

इथे वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणजे बिघाड जुनाच होता का? वर्षानुवर्षे सगळेच तुटत होते का? नायक पाच मिनिटे तसाच बसून राहतो. पहारेकरी चाचा चहा आणून ठेवतो आणि दखनीत विचारतो, “क्या हुआ बेटा, रो रैं क्या?” मग नायकाला कळते. आज्ञा लिहिताना त्याने जो नल शोधायला दिला, तो शेलमधून पुढे गेलाच नाही. शेलही अक्षरमाला नलपर्यंतच धरतो. `grep` ला मिळाली रिकामी अक्षरमाला, आणि रिकामी अक्षरमाला प्रत्येक ओळीत सापडते. शोधायचे साधनही त्याच आजाराने कापले गेले होते. पहिले उत्तर बरोबर होते, पण चुकीच्या कारणाने. मग तो आज्ञा `grep -caP '\x00'` अशी लिहितो. आता नल चार साध्या अक्षरांत लिहून जातो आणि त्याचा अर्थ `grep` स्वतः लावतो. आजची फाइल: सगळ्या. जुनी फाइल: एकही नाही.

मी हे माझ्या यंत्रावर करून पाहिले. कथा म्हणते तसेच होते. तांत्रिक अचूकतेचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. हा प्रसंग खोटा असता तर कथेतला नैतिक प्रश्नही खोटा झाला असता. आपण तपासले, उत्तर आले, उत्तर बरोबरही आहे, आणि तरी आपल्याला काही कळलेले नाही, ही अवस्था दुसऱ्या कोणत्या मार्गाने इतकी सरळ दाखवता आली असती? निरोगी फाइलीवर तीच आज्ञा चालवून पाहण्याची सवय या धंद्यात सर्वांना नसते. मला स्वतःला ती फार उशिरा लागली.

आता तक्रारी.

पहिली तक्रार शून्याविषयी. नल सापडल्यावर कथाकार दीड पान शून्यावर बोलतो. बौद्धांचे शून्य, भारताने जगाला दिलेले शून्य, नायकाच्या आयुष्यातले शून्य. हे दीड पान काढावे. दोनच पाने आधी याच लेखकाने सांगितले की नल म्हणजे आकड्यातला शून्य नव्हे आणि अभावही नव्हे. ते इतके नेमके सांगून झाल्यावर त्याच नलाला तत्त्वज्ञानाच्या झुलीखाली घालणे म्हणजे स्वतःच्याच पात्रावर अविश्वास. लेव्हीने रंगाच्या गोळ्यांतून माणसाचे भवितव्य काढून दाखवले नाही. त्याने आपल्याला कारखान्यातच ठेवले आणि शेवटी एक तपशील सांगितला: गोळे सुधारायला आपण घालायला लावलेले नवसागर कारण संपल्यानंतरही वर्षानुवर्षे कृतीत तसेच घातले जात राहिले, का ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्यात सगळे आले. आमच्या कथाकाराकडेही असा एकवीसचा आकडा आहे. त्याने त्यावरच भरवसा ठेवायला हवा होता.

दुसरी तक्रार भाषेची, आणि ती या नियतकालिकाच्या वाचकांना जवळची वाटावी. नायक मनात मराठी बोलतो, मॅडमशी हिंदी, चाचाशी दखनी, यंत्राशी इंग्रजी. संवाद फार चांगले उतरले आहेत. “रेकॉर्ड कट होतायत” असे तो म्हणतो, “नोंदी छाटल्या जात आहेत” असे म्हणत नाही, हे बरे झाले. पण ज्या नोंदी तुटत आहेत त्यांच्या भाषेकडे कथेचे लक्ष गेलेले नाही. सगळी नावे आणि गावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत आहेत. तेलुगू, उर्दू, मराठी बोलणारे रुग्ण सव्वीस अक्षरांच्या साच्यात दाबले आहेत. कथा हे गृहीत धरते आणि पुढे जाते.

थोडे मागे वळून पाहिले असते तर? यूटीएफ-८ या आजच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार यांचेही तीन तीन. ‘नांदेड’ लिहायला सहा चिन्हे, अठरा बाइट. वीसच्या घरात नांदेड कसेबसे मावते. शेजारच्या ‘निजामाबाद’ला नऊ चिन्हे, सत्तावीस बाइट. ते ‘निजामा’पाशी तुटते आणि पुढच्या ‘ब’चे दोन बाइट अर्धवट लोंबत राहतात. तिथे नलाची गरजही नाही, घरच लहान आहे. दुसऱ्या एका पद्धतीत, यूटीएफ-१६ मधे, गंमत अधिक आहे. तिथे इंग्रजी अक्षराचे दोन बाइट होतात आणि त्यांतला एक शून्य असतो, म्हणून नलाला थांबणाऱ्या जुन्या प्रोग्रामला इंग्रजी नाव दिले तर तो फार तर पहिल्या अक्षरापर्यंत पोचतो. देवनागरी अक्षरांत मात्र शून्य बाइट येत नाही, म्हणून मराठी शब्द सुखरूप जातो आणि ओळ तुटते ती पहिल्या मोकळ्या जागेपाशी. नाव राहते, आडनाव जाते. यूटीएफ-८ मधे हा त्रास होत नाही, कारण १९९२ साली ती पद्धत रचताना केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी नलखेरीज दुसऱ्या कोणत्याही चिन्हात शून्य बाइट येणार नाही अशी काळजी घेतली. बी भाषेत शेवटाची खूण ठेवणारा थॉम्प्सनच, वीस वर्षांनी ती खूण आपल्या लिप्यांना कापणार नाही याची तजवीज करत होता. बहुभाषिक शहरात घडणाऱ्या या कथेत हे सगळे हाताशी होते. लेखकाने ते घ्यायलाच हवे होते असे नाही. पण शून्यावरच्या दीड पानाच्या बदल्यात मी निजामाबाद केव्हाही घेईन.

तिसरी तक्रार शेवटाविषयी. त्यासाठी शेवट सांगणे भाग आहे.

दोन ओळी पूर्ववत करून, एकवीसची तजवीज नीट करून, नायक पहाटे सव्वाचारला नव्याने निर्यात सुरू करतो. मॅडम फोनवर विचारतात, “हो गया ना?” तो हो म्हणतो आणि मग थबकतो. पुढच्या नोंदी नीट जातील, पण गेल्या अकरा रात्रींच्या नोंदींचे काय? मधल्या फाइलींत नलानंतरचा मजकूर शाबूत आहे. औषधाचे नाव परत मिळेल. नलाखाली गेलेले एक अक्षर मात्र मिळणार नाही. त्याच्यावर लिहिले गेले आहे, आणि खाली काय होते हे कुठेच उरलेले नाही. शाखांच्या संगणकांत मूळ नोंदी सात दिवस राहतात. म्हणजे सात रात्रींच्या नोंदी पुन्हा मागवता येतील. पहिल्या चार रात्री राहतात.

त्या चार रात्रींत जिथे औषधाचे नाव आहे तिथे अक्षर `Y` होते हे उघड आहे. जिथे लिपिकाने `NIL` लिहिले तिथे `N`. पण एकोणीस नोंदींत पुढे काहीच नाही. त्यांत `N` लिहून पुढचे घर रिकामे सोडलेले लोक असतील. विचारायचेच राहून गेलेले असतील. आणि काही जण असे असतील, ज्यांनी सांगितले की कसल्याशा इंजेक्शनने एकदा अंग सुजले होते, नाव ठाऊक नाही. त्यांच्या बाबतीत लिपिकाने `Y` दाबले आणि पुढे लिहिण्यासारखे काही नव्हते. ज्याला औषधाचे नाव सांगता येते त्याची माहिती वाचते. ज्याला येत नाही त्याच्याबद्दलची सगळी माहिती त्या एका अक्षरात होती.

हे कथेत कुणी बोलून दाखवत नाही. नायक फक्त एकोणीस क्रमांक कागदावर हाताने उतरवतो. मॅडम म्हणतात, डिफॉल्ट `N` डाल दो, सकाळी बघू. तो “जी मॅडम” म्हणतो आणि डालत नाही. नव्या प्रणालीत चौथे अक्षर चालत नाही, `Y`, `N` आणि न विचारल्याचे `U`, एवढीच मुभा आहे. तो एकोणिसांना `Y` लावतो. मला हा निर्णय पटतो, पण तो बिनदोष नाही, आणि कथेला तेही ठाऊक आहे. तपशिलाशिवायचा `Y` पाहून एखादा डॉक्टर गरजेचे औषध टाळील, दुसरे वापरील. परिचारिकेला तो स्वतः फोन करून सांगतो की या एकोणीस जणांना पुन्हा विचारा. ती विचारते, “कोणत्या गावचे आहेत?” गाव तर प्रत्येक नोंदीत शाबूत आहे. तो वाचून दाखवू लागतो.

इथे कथा संपायला हवी होती. पण हस्तलिखितात आणखी अर्धे पान आहे. सकाळ, पाळीबदल, मेट्रोची पायरी, आणि शेवटचे वाक्य मधेच तोडलेले. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद नाही. कल्पना सहज सुचणारी आहे: नोंदी तुटल्या, म्हणून कथाही तुटली. पण याच कथेने आपल्याला वीस पाने जे शिकवले, त्याच्या हे नेमके उलट आहे. नलाने कापलेली ओळ तुटलेली दिसत नाही. तिच्या टोकाला लोंबणारा शब्द नसतो. क्रमांक, नाव, गाव, आणि पुढे नवी ओळ, सगळे जागच्या जागी. तशी ती दिसली असती तर पहिल्याच रात्री कोणाच्या तरी नजरेत आली असती आणि अकरा रात्री गेल्या नसत्या. तोडलेले वाक्य पाहून वाचकाला लगेच कळते की इथे काहीतरी गाळले आहे. त्या एकोणीस नोंदी पाहून कोणालाच कळले नव्हते.

लेखकाला मी कळवले आहे की शेवटचे अर्धे पान काढून कथा गावांच्या यादीवर थांबवावी, यादी पूर्ण द्यावी, आणि शेवटी पूर्णविराम ठेवावा. त्याचे उत्तर आले आहे. यादी द्यायला तो तयार आहे, पण एकोणीस गावे म्हणजे फार होतील असे त्याला वाटते. मला तसे वाटत नाही.